एका ऑर्डरला जाहिरात किती झेपते?

घरगुती मसाले, लोणची, पापड इंटरनेटवरून विकणाऱ्या छोट्या उद्योगांत महिनाअखेरीला एक दृश्य हमखास दिसते. जाहिराती सांभाळणारा मुलगा मोबाइलवर अहवाल पाठवतो : जाहिरातीवर एक रुपया गेला, चार रुपयांची विक्री झाली. चौपट म्हटल्यावर मालकीणबाई खूश होतात आणि पुढच्या महिन्यात जाहिरातीचे पैसे वाढवतात. दोन-तीन महिन्यांनी मिरचीवाल्याचे पैसे द्यायची वेळ येते तेव्हा बँकेत तेवढी रक्कम नसते. अहवाल खोटा नसतो आणि पैसे कुणी चोरलेलेही नसतात. चौपट हा आकडा विक्री मोजतो. त्या विक्रीतून हातात काय उरले, हे तो सांगतच नाही.

हातात काय उरते, हे कळण्यासाठी हिशेब एका ऑर्डरपासून सुरू करावा लागतो. गिऱ्हाइकाने दिलेल्या रकमेतून सरकारचा कर बाजूला काढायचा आणि तो माल तयार करायला लागलेला खर्च वजा करायचा. जी रक्कम राहते तिला कॉन्ट्रिब्युशन मार्जिन म्हणतात. दुकानात समोरासमोर विकणाऱ्याचे काम इथेच संपते. माल घरपोच पाठवणाऱ्याला मात्र त्यातूनच कुरिअरचे भाडे, पैसे गोळा करून देणाऱ्या पेमेंट गेटवेचे शुल्क आणि पाठवणीचे पॅकिंग भागवावे लागते. एवढे सगळे जाऊन जे उरते, ते त्या ऑर्डरसाठी जाहिरातीवर जास्तीत जास्त किती खर्च करता येईल याची मर्यादा असते. तेवढाच खर्च झाला तर ना नफा ना तोटा, आणि त्यापेक्षा एक रुपया जास्त गेला तर प्रत्येक ऑर्डर खिशातून पैसे घेऊन जाते. या मर्यादेला आपण बरोबरीचा आकडा म्हणू.

एक नमुना घेऊन हा आकडा काढून पाहू. सातारा-कोल्हापूर भागातला कांदा-लसूण मसाला घ्या. अर्ध्या किलोचे पाकीट, किंमत ४९९ रुपये, डिलिव्हरी मोफत. पुढचे दर मी नमुन्यादाखल धरले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपल्या बिलातले दर घालावेत, रीत तीच राहते.

मसाल्यावर ५ टक्के जीएसटी आहे आणि तो ४९९ मध्येच धरलेला आहे. म्हणजे त्यातले सुमारे २४ रुपये सरकारचे आणि ४७५ आपले. इथेच पुष्कळांचा हिशेब चुकतो, कारण मनात ४९९ घोळत असतात. आता मालाचा खर्च. बेडगी आणि संकेश्वरी मिरची, सुके खोबरे, धने, तीळ, खडा मसाला, कांदा, लसूण, तेल, डंकावरची कुटाई, निवडण्या-भाजण्याची मजुरी, आतली पिशवी आणि लेबल मिळून अर्ध्या किलोला १९० रुपये धरू. यात दोन गोष्टी निसटतात. एक म्हणजे वाळवताना आणि भाजताना वजन घटते, त्यामुळे खर्च आणलेल्या मालाच्या वजनावर न भागता तयार मसाल्याच्या वजनावर भागला पाहिजे. दुसरी, घरच्या बाईची मजुरी. चुलीपाशी तिने घालवलेले तास फुकट धरले, तर नफा म्हणून जे दिसते तो तिचा न दिलेला पगार असतो. बाहेरची बाई लावली असती तर जी मजुरी पडली असती, ती या १९० मध्ये आलीच पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

४७५ मधून १९० गेले, उरले २८५. हे कॉन्ट्रिब्युशन मार्जिन. विक्रीच्या साठ टक्के, म्हणजे चांगलेच घसघशीत.

आता पाठवणी. मसाल्याचा वास आणि तेल बाहेर येऊ नये म्हणून वरून एक जाड पिशवी, पुठ्ठ्याचा खोका, चिकटपट्टी आणि पत्त्याचे स्टिकर मिळून १८ रुपये. पेमेंट गेटवेचे शुल्क साधारण दोन टक्के असते आणि ते गिऱ्हाइकाने भरलेल्या पूर्ण ४९९ वर लागते, आपल्या वाट्याच्या ४७५ वर नाही. म्हणजे १० रुपये. यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून एमडीआर घ्यायचा नाही, असा नियम जानेवारी २०२० पासून आहे. पण अनेक गेटवे आपल्या सेवेचे शुल्क वेगळ्या नावाने लावतात, त्यामुळे यूपीआय म्हणजे फुकट असे गृहीत धरण्यापेक्षा खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम पाहावी. ऑर्डर रद्द होऊन पैसे परत करावे लागले, तर बहुतेक ठिकाणी हे शुल्क परत मिळत नाही.

उरले कुरिअर, आणि सगळ्यात मोठा घास तेच घेते. कुरिअरचे दर ५०० ग्रॅमच्या टप्प्यांनी चढतात. आपल्या पाकिटात मसाला ५०० ग्रॅम, पण पिशव्या आणि खोका धरून पार्सल भरते सुमारे ५९० ग्रॅम. नव्वद ग्रॅमसाठी आख्खा पुढचा टप्पा लागतो आणि भाडे एक किलोचे पडते. शहरातले, राज्यातले, दूरच्या राज्यातले असे सगळे मिळून सरासरी भाडे ८५ रुपये धरू. ही सरासरी दरपत्रकावरून काढू नये. दरपत्रकातला ठळक छापलेला दर बहुधा जवळच्या पत्त्याचा असतो आणि ऑर्डर गुवाहाटीचीही येते. मागच्या दोन महिन्यांच्या कुरिअर बिलांची बेरीज करून पाठवलेल्या पार्सलांच्या संख्येने भागले की खरी सरासरी मिळते.

२८५ मधून ८५, १० आणि १८ वजा केले की उरतात १७२ रुपये. पैसे आगाऊ भरलेल्या ऑर्डरचा, म्हणजे प्रीपेड ऑर्डरचा, हा बरोबरीचा आकडा.

पण हे १७२ जसेच्या तसे जाहिरातीच्या पडद्यावर लावता येत नाहीत, कारण जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि पडद्यावरचा खर्च जीएसटी सोडून दाखवलेला असतो. यावर लगेच कुणी म्हणेल की आम्ही जीएसटी नोंदणीकृत आहोत, भरलेल्या कराचे क्रेडिट मिळते. परराज्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी घ्यावीच लागते, त्यामुळे इंटरनेटवर विकणाऱ्या बहुतेकांकडे ती असते. क्रेडिट मिळते हेही खरे, पण ते वापरायला विक्रीवरचा कर शिल्लक लागतो. आपला विक्रीवरचा कर ऑर्डरमागे फक्त २४ रुपये आहे. कुरिअरच्या ८५ वर १८ टक्क्यांनी १५ रुपये, कच्च्या मालावर सहाएक रुपये, गेटवेच्या शुल्कावर पावणेदोन, एवढ्यातच ते २४ जवळपास संपतात. जाहिरातीवर भरलेल्या कराचे क्रेडिट मग खात्यात नुसते साठत जाते. विक्रीवरचा कर कमी आणि खरेदीवरचा जास्त असेल तर परताव्याची सोय कायद्यात आहे, पण ती कच्च्या मालासारख्या वस्तूंवरच्या करापुरती. सेवांवरचा कर त्या सूत्रात धरत नाहीत, आणि २०२१ साली व्हीकेसी फुटस्टेप्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच मर्यादा वैध ठरवली. जाहिरात ही सेवा आहे. म्हणून पाच टक्के कराचा माल विकणाऱ्याने जाहिरातीवरचा जीएसटी सरळ खर्च समजावा. १७२ ला १.१८ ने भागले की १४६ येतात. पडद्यावर ऑर्डरमागे १४६ पर्यंत खर्च दिसला तर प्रीपेड ऑर्डर तोट्यात नाही.

इथवरचा हिशेब पुष्कळ जण कसाबसा करतात. पुढचा सहसा करत नाहीत, कारण त्यात ऑर्डर न स्वीकारणारे गिऱ्हाईक येते.

आपल्याकडे लहान गावांतले, नवख्या दुकानाकडून पहिल्यांदा घेणारे लोक पैसे दारात देणे पसंत करतात, आणि त्यात गैर काही नाही. कॅश ऑन डिलिव्हरी दिली नाही तर अशा ऑर्डरी येतच नाहीत. या ऑर्डरला गेटवेचे शुल्क लागत नाही, पण रोख गोळा करण्याचे शुल्क कुरिअर घेते. ते ३५ रुपये धरू. ऑर्डर पोचली आणि पैसे मिळाले, तर २८५ मधून ८५, ३५ आणि १८ जाऊन १४७ उरतात. प्रीपेडपेक्षा पंचवीसच रुपये कमी, म्हणून वाटते की फारसा फरक नाही.

फरक पडतो तो न स्वीकारलेल्या पार्सलांमुळे. दार बंद, फोन लागत नाही, घरातल्या दुसऱ्याच कुणी नको म्हटले, पत्ता अर्धवट, किंवा चार दिवसांत मनच बदलले. पार्सल उलट फिरते. याला कुरिअरवाले आरटीओ म्हणतात. रोख गोळा झालीच नाही म्हणून ते ३५ रुपये सहसा लागत नाहीत, पण जायचे भाडे ८५ गेलेले असते, यायचे भाडे साधारण ८० लागते आणि पॅकिंगचे १८ वाया जातात. म्हणजे एक परत आलेले पार्सल १८३ रुपये खाऊन येते आणि विक्री शून्य. हे मसाला शाबूत परत आला असे धरून. पाकीट फुटले, किंवा दोन आठवडे गोदामांत फिरून आल्यावर ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्यायला मन धजेना, तर वर १९० रुपयांचा मालही गेला.

समजा, १०० रोखीच्या ऑर्डरींपैकी २५ परत येतात. ७५ ऑर्डरींमागे १४७ प्रमाणे ११,०२५ रुपये उरले. २५ परतीच्या पार्सलांवर १८३ प्रमाणे ४,५७५ गेले. शिल्लक ६,४५०. जाहिरातीचा खर्च मात्र शंभरही ऑर्डरींवर झालेला असतो, कारण परत जाणारी ऑर्डर कुठली हे जाहिरात दाखवताना कुणालाच माहीत नसते. म्हणून शिल्लक शंभराने भागायची. ऑर्डरमागे साडेचौसष्ट रुपये. त्याला १.१८ ने भागले की ५५ उरतात.

तोच मसाला, तीच किंमत, तेच पाकीट. आगाऊ पैसे भरणाऱ्याची ऑर्डर १४६ रुपयांची जाहिरात सोसते आणि रोखीची फक्त ५५. हे प्रमाण वाढत गेले तर काय होते, तेही पाहता येते. शंभरातली सुमारे पंचेचाळीस पार्सले परत येऊ लागली की पोचलेल्या ऑर्डरींतून जे उरते ते परतीच्या भाड्यातच संपते, आणि जाहिरातीसाठी एक रुपयाही राहत नाही. तिथून पुढे गिऱ्हाईक फुकट मिळाले तरी तोटा आहे.

आता सुरुवातीच्या अहवालाकडे या नजरेने पाहू. दुकानाच्या शंभर ऑर्डरींत ४० प्रीपेड आणि ६० रोखीच्या असतील, तर १७२ आणि साडेचौसष्ट यांची त्या प्रमाणात सरासरी १०७ रुपयांच्या आसपास येते, आणि जीएसटी काढून पडद्यावरची मर्यादा ९१. एक रुपयाला चार रुपयांची विक्री म्हणजे ४९९ च्या ऑर्डरमागे १२५ रुपये जाहिरात. मर्यादा ९१ ची आणि खर्च १२५ चा. चौतीस रुपये आणि त्यांवरचा जीएसटी मिळून प्रत्येक ऑर्डर चाळीस रुपयांचा तोटा देते. या दुकानाला निदान साडेपाचपट विक्री हवी, तेव्हा कुठे बरोबरी होईल. चौपट हा आकडा चांगला की वाईट, हे त्या दुकानाचा बरोबरीचा आकडा माहीत असल्याशिवाय सांगताच येत नाही, आणि जाहिरात सांभाळणाऱ्याकडे तो नसतो. कुरिअरचे बिल त्याच्याकडे जातच नाही.

आणखी एक अडचण अशी की जाहिरातीचा पडदा आलेल्या ऑर्डरी मोजतो, पोचलेल्या नाही. ज्याने जाहिरात नुसती पाहिली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून येऊन खरेदी केली, अशा गिऱ्हाइकाची ऑर्डरही पुष्कळदा जाहिरातीच्या नावावर चढते. म्हणून महिन्यातून एकदा पडदा बाजूला ठेवून साधा भागाकार करावा. जाहिरात कंपनीच्या बिलाची जीएसटीसकट पूर्ण रक्कम घ्यायची आणि कुरिअरच्या यादीत ‘डिलिव्हर्ड’ असा शेरा असलेल्या ऑर्डरींच्या संख्येने भागायची. पोचलेल्या ऑर्डरमागे जाहिरात किती पडली, ते कळते. वरच्या नमुन्यात शंभर ऑर्डरींतल्या ८५ पोचतात आणि परतीचा भुर्दंड धरून एकूण १०,७५० रुपये उरतात, म्हणजे पोचलेल्या ऑर्डरमागे १२६. भागाकार त्याच्या वर गेला तर पडद्यावर काहीही दिसो, पैसे जात आहेत.

आकडा काढून झाल्यावर तो वाढवायचा कसा, हा प्रश्न येतो. बहुतेकांना किंमत वाढवणे किंवा जाहिरात सुधारणे एवढेच सुचते. मला विचाराल तर पहिला हात वजनकाट्याला लावावा.

आपल्या मसाल्याला एक किलोचे भाडे पडत होते ते ९० ग्रॅमसाठी. पाकीट ४०० ग्रॅमचे केले, खोक्याऐवजी आत जाड पिशवी आणि बाहेरून कुरिअरची चिवट प्लास्टिक बॅग वापरली, तर पार्सल ४५० ग्रॅमच्या आत बसते. भाडे अर्ध्या किलोचे, सरासरी ४७ रुपये. ग्रॅममागचा भाव तोच ठेवून किंमत ३९९. कर जाऊन ३८०, मालाचा खर्च १५२, मार्जिन २२८. त्यातून भाडे ४७, गेटवेचे ८ आणि पॅकिंगचे ९ गेले की १६४ उरतात. शंभर रुपये कमी घेऊनही शिल्लक १७२ वरून फक्त १६४ वर आली. रोखीच्या ऑर्डरींत तर हे लहान पाकीट मोठ्यावर मात करते. पोचलेल्या ऑर्डरमागे १३७ उरतात, आणि परत आलेल्या पार्सलात जायचे ४७, यायचे ४५ आणि पॅकिंगचे ९ मिळून १०१ च जातात. शंभरात पंचवीस परतीच्या हिशेबाने ऑर्डरमागे साडेसत्त्याहत्तर उरतात. मोठ्या पाकिटाचे साडेचौसष्ट होते. शिवाय ३९९ पाहून हात पुढे करणारे लोक ४९९ पेक्षा जास्त असतात.

वजनाबरोबर आकारही पाहावा लागतो. हलक्या पण मोठ्या पार्सलाचे भाडे कुरिअर आकारमानावरून लावते. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करायचा आणि बहुतेक ठिकाणी त्याला ५००० ने भागायचे. येणारा आकडा किलोतला असतो, आणि प्रत्यक्ष वजन व हा आकडा यांतला जो मोठा असेल त्यावर भाडे लागते. हाताशी होता म्हणून २५ बाय २० बाय १२ चा खोका वापरला तर गुणाकार ६,०००, भागून १.२ किलो. आत अर्धा किलो मसाला असला तरी भाडे दीड किलोचे. पापड-कुरडया विकणाऱ्यांना याचा फटका सर्वांत जास्त बसतो, कारण त्यांचा माल हलका आणि जागा खाणारा.

हा फटका लगेच दिसतही नाही. पार्सल देताना आपण ५०० ग्रॅम लिहितो आणि तेवढेच भाडे कापले जाते. पुढे कुरिअरच्या केंद्रावर यंत्राने वजन आणि माप घेतले जाते आणि फरकाची रक्कम काही दिवसांनी खात्यातून वळती होते. बिलात ‘चार्ज्ड वेट’ असा रकाना असतो. आपण लिहिलेले वजन आणि त्या रकान्यातले वजन शेजारी शेजारी ठेवून महिन्यातून एकदा पाहिले, की कुठल्या खोक्यात पैसे जातात ते कळते. यंत्रही कधी चुकते. हरकत घ्यायला मुदत थोड्याच दिवसांची असते आणि पुरावा मागतात. काट्यावर ठेवलेल्या, पत्त्याचे स्टिकर दिसणाऱ्या पार्सलाचा आणि शेजारी मोजपट्टी लावलेला असे दोन फोटो काढायची सवय असली तर ते पैसे परत मिळवता येतात.

दुसरा उपाय एका ऑर्डरमध्ये जास्त माल जाण्याचा. अर्ध्या किलोची दोन पाकिटे एकत्र घेतल्यास शंभर रुपये सूट, म्हणजे ९९८ ऐवजी ८९८, अशी योजना केली तर कर जाऊन ८५५ उरतात. माल ३८०, मार्जिन ४७५. पार्सल सुमारे अकराशे ग्रॅमचे, दीड किलोचे भाडे १२५, गेटवे १८, पॅकिंग २४. शिल्लक ३०८. शंभर रुपये सोडूनही एका पाकिटाच्या १७२ च्या तुलनेत ही रक्कम पावणेदोनपट होते, कारण मार्जिन सुमारे १.६७ पट झाले आणि भाडे दीडपटीच्याही आत राहिले. गिऱ्हाईक मिळवायची जाहिरात तर एकदाच करावी लागली. हा आकडा पाकिटामागे न काढता ऑर्डरमागे काढायचा तो याचसाठी.

रोखीच्या ऑर्डरींसाठी तिसरा एक उपाय मला पटतो. कॅश ऑन डिलिव्हरी सरसकट बंद करण्याऐवजी ऑर्डर देताना ५० रुपये आगाऊ यूपीआयने घ्यायचे आणि उरलेले दारात. ज्याला खरोखर घ्यायचे आहे त्याला पन्नास रुपये जड नसतात. ज्याने गंमत म्हणून बटण दाबले, तो तिथेच थांबतो. ऑर्डरी कमी होतात, हे आधीच मनाशी धरावे. आपल्या नमुन्यात परतीचे प्रमाण शंभरातून पंचविसावरून दहावर आले, तर रोखीच्या ऑर्डरमागची शिल्लक साडेचौसष्टवरून ११४ होते. म्हणजे शंभर ऑर्डरींच्या साठच राहिल्या तरी हातात येणारी रक्कम आधीपेक्षा थोडी जास्तच राहते, आणि पॅकिंगची मेहनत चाळीस पार्सलांनी कमी होते.

आता या आकड्याची मर्यादा. बरोबरीच्या आकड्याइतकाच खर्च केला तर ऑर्डर स्वतःचे पैसे भागवते, पण जागेचे भाडे, वेबसाइटचे मासिक शुल्क, हिशेबनिसाची फी आणि मालकिणीचा पगार यांच्यासाठी काहीच ठेवत नाही. महिन्याचा असा ठरलेला खर्च २०,००० असेल आणि ऑर्डरी ४०० असतील, तर ऑर्डरमागे ५० रुपये त्यासाठी बाजूला ठेवावे लागतात. सरासरी १०७ मधून ते गेले की जाहिरातीला ५७ उरतात, आणि जीएसटी वगळून पडद्यावर ४८. म्हणजे ९१ हा कडेलोटाचा आकडा आहे. रोजच्या कामासाठी ४८ समोर ठेवायचा.

यावर अनुभवी विक्रेते एक बरोबर मुद्दा मांडतात : मसाला संपतो आणि आवडला तर माणूस पुन्हा मागवतो. ती दुसरी ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, जाहिरातीशिवाय, आणि बहुधा प्रीपेड, कारण आता विश्वास बसलेला असतो. शंभर नव्या गिऱ्हाइकांपैकी ३० जणांनी वर्षात एकदा पुन्हा मागवले, तर ३० गुणिले १७२, म्हणजे ५,१६० रुपये जादा उरतात. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकामागे सुमारे ५२ रुपये. तेवढा जास्तीचा खर्च पहिल्या ऑर्डरच्या जाहिरातीवर करणे वर्षाच्या हिशेबात परवडते. पण हे ३० आपल्या वहीतून आलेले असावेत, अंदाजाने धरलेले नसावेत. मागच्या वर्षी मार्चमध्ये पहिल्यांदा घेतलेल्या लोकांची यादी काढून त्यांतले किती जण पुढच्या बारा महिन्यांत परत आले, हे मोजता येते. ज्याचे दुकानच चार महिन्यांचे आहे, त्याच्याकडे ही वही नसते, आणि त्याने पहिल्या ऑर्डरच्या आकड्यावरच राहावे. पुन्हा येणारे गिऱ्हाईक पैसे वर्षभरात देते, जाहिरातीचे बिल मात्र याच महिन्यात भरायचे असते.

आणि हा आकडा वर्षभर तोच राहत नाही. मसाल्याची मिरची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये भरतात. नव्या मिरचीचा भाव किलोमागे शंभर रुपयांनी चढला आणि अर्ध्या किलो मसाल्यात पाव किलो मिरची लागत असेल, तर पाकिटामागे २५ रुपये वाढले. प्रीपेडचे १७२ होतात १४७. रोखीच्या साडेचौसष्टचे सुमारे ४६, कारण पोचलेल्या पंच्याहत्तर ऑर्डरींनाच तो जास्तीचा खर्च लागतो. चाळीस-साठच्या प्रमाणात सरासरी ८६, आणि पडद्यावरची मर्यादा ९१ वरून ७३ वर येते. जुन्या मिरचीचा शेवटचा मसाला संपून नव्या मिरचीचे पहिले पाकीट बाहेर पडते, त्या दिवशी जाहिरातीची मर्यादाही बदलून लिहावी लागते.